लॉगिनचे अकरा बाण

युजरनेम टाकले, पासवर्ड टाकला, बटण दाबले आणि पुढचे पान उघडले. बघणाऱ्याला हे एकच काम वाटते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये निरोपांची बरीच ये-जा झालेली असते. कोणी कोणाला काय विचारले, उत्तर येईपर्यंत कोण थांबून राहिले आणि कोणते उत्तर कोणाच्या आधी पोचले, यावर ते लॉगिन नीट चालणार की नाही आणि सुरक्षित राहणार की नाही, हे ठरते.

ही ये-जा कागदावर मांडण्याची एक रीत आहे. तिला सिक्वेन्स डायग्राम म्हणतात. या आकृतीचे मूळ दूरसंचाराच्या जगात आहे. एक फोन जोडला जाताना एक्स्चेंजमधल्या यंत्रांनी एकमेकांना कोणत्या क्रमाने काय कळवायचे, हे तिथे अशाच उभ्या रेषा आणि आडव्या बाणांनी दाखवत असत. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत काम केलेल्या इव्हार याकोबसन यांनी ती सॉफ्टवेअरच्या आखणीत आणली. १९९७ मध्ये यूएमएल ही आकृत्यांची सामाईक भाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली तेव्हा तिच्यात या आकृतीलाही जागा मिळाली. आज संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती असते आणि विद्यार्थी परीक्षेत ती काढतातही. पण तिच्यातल्या तुटक रेषेच्या बाणांकडे, म्हणजे परतीच्या बाणांकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. माझ्या मते लॉगिनची आकृती समजून घ्यायची असेल तर सुरुवात त्या परतीच्या बाणांपासूनच करायला हवी.

रेषा आणि बाण कसे वाचायचे

उदाहरण म्हणून एका वाचनालयाची वेबसाइट घेऊ. सभासदाने लॉगिन केले की त्याला आपल्या नावावर असलेल्या पुस्तकांची यादी दिसते. या कामात तीन पात्रे आहेत. पहिले पात्र म्हणजे सभासदाच्या फोनवरचा किंवा संगणकावरचा ब्राउझर. दुसरे म्हणजे सर्व्हर, जिथे वाचनालयाचा प्रोग्रॅम चालतो. तिसरे म्हणजे डेटाबेस, जिथे सभासदांच्या नोंदी साठवलेल्या असतात. कागदाच्या वरच्या बाजूला ही तीन नावे चौकटीत लिहायची आणि प्रत्येकाखाली एक उभी तुटक रेषा सोडायची. या रेषेला लाइफलाइन म्हणतात.

आकृतीचा मुख्य नियम असा की वेळ वरून खाली जातो. जे वर आहे ते आधी घडते आणि जे खाली आहे ते नंतर. दोन बाणांमधल्या उभ्या अंतराला मात्र काही अर्थ नसतो. दोन बाण एकमेकांना खेटून काढले म्हणून त्या दोन घटना झटपट घडल्या असे होत नाही. आकृती फक्त क्रम सांगते, मिनिटे-सेकंद सांगत नाही.

बाणांचे दोन प्रकार इथे पुरेसे आहेत. सलग रेषेचा आणि भरीव टोकाचा बाण म्हणजे विनंती: पाठवणारा काहीतरी मागतो आणि उत्तरासाठी थांबतो. तुटक रेषेचा आणि उघड्या टोकाचा बाण म्हणजे त्या विनंतीचे उत्तर. एखादे पात्र कामात असते तेवढ्या भागापुरती त्याच्या लाइफलाइनवर एक अरुंद उभी पट्टी काढतात. विनंती पोचली की पट्टी सुरू होते आणि उत्तर निघाले की संपते.

आता आपल्या वाचनालयाचे पूर्ण लॉगिन पाहू. आकृती हाताने काढता येते, तशी ती मजकुरातूनही तयार करता येते. मर्मेड हे त्यासाठीचे प्रचलित साधन आहे. खालच्या ओळी त्याला दिल्या की तो रेषा, बाण आणि क्रमांक स्वतः आखून देतो. `->>` म्हणजे सलग बाण आणि `-->>` म्हणजे तुटक बाण.

```
sequenceDiagram
    autonumber
    participant B as ब्राउझर
    participant S as सर्व्हर
    participant D as डेटाबेस
    B->>S: POST /login
    S->>D: SELECT (सभासद)
    D-->>S: एक ओळ
    S->>S: पासवर्ड तपास
    S->>D: INSERT (सेशन)
    D-->>S: नोंद झाली
    S-->>B: 303, Set-Cookie
    B->>S: GET /books, Cookie
    S->>D: SELECT (सेशन)
    D-->>S: एक ओळ
    S-->>B: 200, HTML
```

एकूण अकरा बाण आहेत. पाच विनंत्या, पाच उत्तरे आणि एक बाण सर्व्हरकडून निघून सर्व्हरकडेच वळणारा. प्रत्येक विनंतीला तिचे उत्तर आहे की नाही, हे आधी जुळवून पाहावे. इथे ते जुळते.

आधी आतले उत्तर, मग बाहेरचे

जोड्या लावताना एक गोष्ट लक्षात येते. बाण १ चे उत्तर बाण ७ आहे. मधल्या पाच बाणांच्या काळात ब्राउझर नुसता थांबलेला असतो आणि सभासदाला पडद्यावर फिरणारे चक्र दिसत असते. त्या काळात सर्व्हरने स्वतःचे दोन प्रश्न डेटाबेसला विचारले आणि त्यांची उत्तरे मिळवली. बाण २ चे उत्तर ३, बाण ५ चे उत्तर ६. आतले प्रश्न सुटल्याशिवाय बाहेरच्या प्रश्नाचे उत्तर निघू शकत नाही. त्यामुळे सर्वात आधी सुरू झालेली विनंती सर्वात शेवटी पूर्ण होते.

परतीचे बाण गाळले तर ही रचना दिसेनाशी होते. यूएमएलच्या नियमांनुसार ते गाळायला हरकत नाही, कारण उत्तर कुठे निघाले हे पट्टी संपण्याच्या जागेवरून ओळखता येते. मार्टिन फाउलर यांच्यासारखे जाणकार लेखकही परतीचा बाण त्याने माहितीत भर पडत असेल तरच काढतात. एखाद्या साध्या आकृतीसाठी हे ठीक आहे. लॉगिनमध्ये मात्र परतीच्या प्रत्येक बाणावर काहीतरी मोलाचे सामान असते, म्हणून इथे पाचही बाण काढावेत आणि प्रत्येकावर काय परत येते ते लिहावे.

आणखी एक खूण अशी की सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाणारा प्रत्येक बाण तुटक आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी पद्धतीने बोलतात तिच्यात बोलायला सुरुवात नेहमी ब्राउझर करतो. सर्व्हर फक्त उत्तर देतो. लॉगिनच्या आकृतीत सर्व्हरकडून ब्राउझरकडे सलग बाण दिसला तर काढणाऱ्याचे बहुधा चुकले आहे असे समजावे. तसेच ब्राउझरपासून थेट डेटाबेसपर्यंत बाण गेलेला दिसला तर आकृती पुन्हा काढायला सांगावी. वाचनालयाचा डेटाबेस फक्त सर्व्हरला ओळखतो. सभासदाच्या फोनशी त्याचा थेट संबंध येत नाही, आणि येऊही नये.

प्रत्येक बाणावर काय असते

आता एकेक बाण जवळून पाहू. बाण १ मध्ये युजरनेम आणि पासवर्ड जातात. पत्त्यात `https` असेल तर वाटेत हा मजकूर सांकेतिक रूपात असतो, त्यामुळे मधल्या कोणाला तो वाचता येत नाही. सर्व्हरपर्यंत पोचल्यावर मात्र तो पुन्हा साधा होतो.

बाण २ मध्ये सर्व्हर डेटाबेसला विचारतो, ‘या युजरनेमच्या सभासदाची नोंद दे.’ या प्रश्नात पासवर्ड नसतो. नवशिक्यांच्या आकृतीत इथे हमखास गडबड होते. ते युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही डेटाबेसकडे पाठवतात आणि ‘जुळले’ किंवा ‘नाही जुळले’ एवढेच उत्तर परत आणतात. तसे करणे म्हणजे डेटाबेसमध्ये पासवर्ड जसाच्या तसा ठेवलेला आहे असे मानणे. नीट बांधलेल्या व्यवस्थेत तो तसा कधीच ठेवत नाहीत. त्याच्यावर एक एकमार्गी गणित करून आलेला परिणाम, म्हणजे हॅश, तेवढा साठवतात. हॅशवरून मूळ पासवर्ड काढण्याचा थेट मार्ग नसतो. एकामागून एक अंदाज करून पाहणे, एवढेच हाती उरते.

म्हणून बाण ३ मध्ये सर्व्हरकडे जी ओळ परत येते तिच्यात सभासदाचा क्रमांक आणि त्याचा हॅश असतो. बीक्रिप्ट ही १९९९ मध्ये मांडली गेलेली आणि आजही वापरात असलेली पद्धत घेतली तर हा हॅश ६० अक्षरांचा असतो. त्याची सुरुवात अशी दिसते:

```
$2b$12$
```

यातले `2b` हे पद्धतीच्या आवृत्तीचे चिन्ह. `12` म्हणजे हे गणित किती वेळखाऊ करायचे त्याची पातळी. १२ पातळीला दोनाचा बारावा घात, म्हणजे ४०९६ फेऱ्या होतात. या सात अक्षरांनंतर बावीस अक्षरांचे सॉल्ट येते आणि शेवटची एकतीस अक्षरे म्हणजे प्रत्यक्ष परिणाम. सॉल्ट ही प्रत्येक सभासदासाठी वेगळी निवडलेली यादृच्छिक भर असते. तिच्यामुळे दोन सभासदांचा पासवर्ड एकच असला तरी त्यांचे हॅश वेगळे निघतात.

बाण ४ हा सर्व्हरचा स्वतःकडे वळणारा बाण आहे. सर्व्हर सभासदाने टाकलेला पासवर्ड घेतो, त्यात तेच सॉल्ट मिसळतो, तेवढ्याच फेऱ्या करतो आणि निघालेला परिणाम साठवलेल्या परिणामाशी ताडून पाहतो. साध्या सर्व्हरवर याला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. डेटाबेसचे उत्तर काही मिलिसेकंदांत येते, त्या मानाने हा वेळ फार मोठा आहे आणि तो मुद्दाम मोठा ठेवलेला आहे. खऱ्या सभासदाला पाव सेकंद जाणवत नाही. चोरलेल्या हॅशवर कोट्यवधी अंदाज करून पाहणाऱ्याला मात्र तो प्रत्येक अंदाजागणिक मोजावा लागतो.

एक गोष्ट आकृतीतच तपासता येते. हॅश बाण ३ वर येतो आणि सर्व्हरपाशी थांबतो. बाण ७ किंवा ११ वर तो असता कामा नये. काही प्रोग्रॅममध्ये डेटाबेसकडून आलेली सभासदाची अख्खी ओळ जशीच्या तशी ब्राउझरला पाठवली जाते. पडद्यावर फक्त नाव दिसते, पण उत्तराच्या पोटात हॅशही गेलेला असतो. परतीच्या बाणावर काय काय आहे हे आधीच लिहिलेले असेल तर ही चूक कोड लिहिण्यापूर्वीच दिसते.

कुकी हातात पडण्याआधी नोंद

पासवर्ड जुळला. आता सर्व्हरने हे लक्षात ठेवायला हवे, कारण एचटीटीपीमधली प्रत्येक विनंती सुटी असते. पुढची विनंती त्याच माणसाकडून आली आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. त्यासाठी सर्व्हर एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक तयार करतो, तो डेटाबेसमध्ये सभासदाच्या नावापुढे नोंदवतो आणि तोच क्रमांक कुकीच्या रूपाने ब्राउझरला देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसा हा प्रकार आहे. बिल्ल्यावर तुमचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, आणि तो ज्याच्या हातात असेल त्याला चपला मिळतात. म्हणूनच तो क्रमांक अंदाजाने ओळखता येणार नाही इतका मोठा ठेवतात. कुकीवर `HttpOnly` आणि `Secure` अशा खुणाही करतात. पहिल्या खुणेमुळे पानावरच्या स्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. दुसरीमुळे ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते.

बाण ७ वर दोन गोष्टी असतात. `Set-Cookie` मध्ये कुकी आणि `303` हा कोड. `303` चा अर्थ असा की तुझे काम झाले, आता अमुक पत्त्यावर जाऊन पान मागून घे. बऱ्याच वेबसाइटवर याच कामासाठी `302` वापरतात. सर्व्हर इथेच पुस्तकांची यादी का देत नाही, असा प्रश्न पडेल. तसे केले आणि सभासदाने ते पान रिफ्रेश केले तर ब्राउझर मागची विनंती, म्हणजे पासवर्डसकट लॉगिन, पुन्हा पाठवायला निघतो. दुसऱ्या पत्त्यावर धाडले की रिफ्रेश केल्यावर फक्त यादी पुन्हा मागितली जाते.

म्हणजे बाण ७ ने पहिली देवाणघेवाण संपली. बाण ८ ही ब्राउझरची नवी, स्वतंत्र विनंती आहे आणि तिच्यासोबत कुकी जाते. बाण ९ मध्ये सर्व्हर डेटाबेसला विचारतो, ‘या क्रमांकाचे सेशन कोणाचे?’ बाण १० ने उत्तर येते आणि बाण ११ ने अखेर यादीचे पान सभासदापुढे उघडते.

आता क्रमाचा खरा प्रश्न. बाण ६ हा बाण ७ च्या वर आहे. सेशनची नोंद झाल्याचे उत्तर आल्यावरच कुकी पाठवायची. समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घाई केली. त्याने बाण ५ पाठवला, पण ६ ची वाट न पाहता बाण ७ सोडून दिला. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण डेटाबेस वेगवान असतो. एखाद्या दिवशी गर्दी होते आणि नोंद व्हायला थोडा उशीर लागतो. इकडे ब्राउझरला कुकी मिळालेली असते आणि तो लगेच बाण ८ पाठवतो. सर्व्हर बाण ९ ने विचारतो तेव्हा नोंद अजून झालेलीच नसते. बाण १० रिकामा येतो. सर्व्हरला वाटते हा अनोळखी माणूस आहे, आणि तो त्याला परत लॉगिनच्या पानावर धाडतो.

सभासदाला काय दिसते? पासवर्ड बरोबर टाकला, चुकीचा असल्याचा निरोपही आला नाही, तरी लॉगिनचे पान पुन्हा समोर. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की काम होते. अशी तक्रार आली की सांगणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, कारण कार्यालयातल्या संगणकावर दोष दिसत नाही. नोडवरच्या एक्स्प्रेस या चौकटीसोबत `express-session` नावाचे पॅकेज वापरतात. दुसऱ्या पानावर धाडण्यापूर्वी सेशन मुद्दाम साठवून घेणे उपयोगी पडते, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. हाच दोष आणखी एका वाटेने येतो. डेटाबेसच्या दोन प्रती असतात, नोंद मूळ प्रतीत होते आणि वाचन दुसऱ्या प्रतीतून होते. दुसरी प्रत क्षणभर मागे असली तरी बाण १० रिकामा येतो.

हे ओळखता येते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये Network हा भाग उघडावा, Preserve log वर खूण करावी आणि लॉगिन करावे. `POST /login` समोर `303` दिसेल. लगेच खाली `GET /books` असेल. त्याच्यासमोर `200` असेल तर सगळे ठीक. पहिल्या विनंतीला `303` मिळून कुकीही आली, पण दुसरीला `302` मिळून ती पुन्हा `/login` कडे गेली, असे दिसले तर पासवर्डचा संशय सोडून द्यावा. दुसऱ्या विनंतीसोबत `Cookie` गेली आहे का, ते आधी पाहावे. ती गेलीच नसेल तर दोष कुकीच्या खुणांमध्ये आहे. गेली असेल तर बाण ६ आणि ७ यांचा क्रम तपासायला घ्यावा.

पासवर्ड चुकला तर

वरची आकृती सगळे सुरळीत झाले तर काय होते ते सांगते. पासवर्ड चुकण्याची वाट दाखवायला आकृतीत `alt` नावाची चौकट काढतात. तिचे आडव्या तुटक रेषेने भाग पाडतात आणि प्रत्येक भागावर चौकोनी कंसात अट लिहितात: [पासवर्ड जुळला] आणि [नाही जुळला]. एका वेळी यातला एकच भाग घडतो.

बारकाईने पाहिले तर वाटा दोन नसून तीन आहेत. सभासद सापडला आणि पासवर्ड जुळला. सभासद सापडला, पण पासवर्ड जुळला नाही. आणि तिसरी, त्या युजरनेमचा सभासदच नाही, म्हणजे बाण ३ रिकामा आला. परतीच्या बाणावर ‘एक ओळ’ असे लिहिल्यामुळेच ‘आणि ओळ आलीच नाही तर?’ हा प्रश्न उभा राहतो. बाण काढलाच नसता तर तो सुचलाही नसता.

तिसऱ्या वाटेत सर्व्हर काय करतो? ताडून पाहायला हॅश नाही, म्हणून तो बाण ४ वगळतो आणि थेट नकार कळवतो. हे सरळ वाटते, पण यात एक भोक आहे. बाण ४ ला पाव सेकंद लागतो. सभासद अस्तित्वात असेल तर नकार पाव सेकंदाने येतो, नसेल तर काही मिलिसेकंदांत. बाहेर बसलेला कोणीही घड्याळ लावून एकेक युजरनेम टाकत जाऊ शकतो आणि कोणती खाती खरी आहेत त्यांची यादी बनवू शकतो. पडद्यावरचा निरोप दोन्ही वेळा ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असाच असला, तरी लागलेला वेळ खरे सांगून टाकतो.

उपाय असा की सभासद सापडला नाही तरी बाण ४ काढायचाच. सर्व्हरने एका बनावट हॅशवर तेवढेच गणित करायचे, निकाल टाकून द्यायचा आणि मग नकार कळवायचा. पायथनमधल्या जँगो या चौकटीच्या लॉगिनमध्ये ही काळजी घेतलेली आहे. युजर सापडला नाही तरी ती आलेल्या पासवर्डवर एकदा हॅशचे गणित करते. आकृतीत `alt` च्या दोन्ही नकाराच्या भागांत बाणांची रांग सारखी दिसायला हवी. एका भागात एक बाण कमी असेल तर तो फरक बाहेरून मोजता येतो.

उत्तर वाटेत हरवले तर

शेवटचा मुद्दा परतीचा बाण पोचतच नाही तेव्हाचा. यूएमएलमध्ये हरवलेल्या निरोपासाठी खूण आहे: बाणाच्या टोकाशी छोटे भरीव काळे वर्तुळ, म्हणजे निरोप निघाला पण कोणालाच पोचला नाही.

आपल्या आकृतीत बाण ६ आला नाही, म्हणजे डेटाबेस मधेच बंद पडला, तर सर्व्हर ठरावीक वेळ थांबतो आणि नंतर ब्राउझरला `500` किंवा `503` असे उत्तर देतो. इथे आकृतीत हे लिहायला हवे की सर्व्हर किती वेळ थांबणार. ते ठरवलेले नसेल तर सभासदासमोरचे चक्र फिरतच राहते.

बाण ७ हरवला तर गोष्ट वेगळी आहे. सभासद लोकलमध्ये बसला आहे, बोगदा आला आणि जोडणी तुटली. सर्व्हरच्या बाजूने लॉगिन पूर्ण झाले आहे, सेशनची नोंदही झाली आहे. ब्राउझरला मात्र कुकी मिळाली नाही. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे धरून चालता येत नाही. लॉगिनपुरते यात नुकसान नाही. सभासद पुन्हा प्रयत्न करेल, नवे सेशन तयार होईल आणि जुने अनाथ सेशन डेटाबेसमध्ये पडून राहील. म्हणून प्रत्येक सेशनला मुदत असावी लागते आणि मुदत संपलेली सेशन्स वेळोवेळी काढून टाकावी लागतात. हीच आकृती पैसे पाठवण्याची असती तर हरवलेल्या परतीच्या बाणामुळे तेच पैसे दोनदा जाण्याची शक्यता उभी राहिली असती. तिथे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन ‘हा आधीच झाला आहे का’ हे तपासावे लागते.

या आकृतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ती एका लॉगिनची गोष्ट सांगते. एकाच वेळी शेकडो सभासद आले तर काय होईल, कोणी हजार पासवर्ड टाकून पाहिले तर त्याला कुठे अडवायचे, हे तिच्यावरून आपोआप कळत नाही. `alt` च्या चौकटी एकात एक घालत गेलो तर ती वाचता येईनाशी होते. एका आकृतीत एक वाट, फार तर दोन, एवढेच ठेवावे आणि बाकीच्या वाटांसाठी वेगळी आकृती काढावी.

तुम्ही स्वतः अशी आकृती काढत असाल, मग ती परीक्षेसाठी असो वा कामासाठी, तर सलग बाण काढल्यावर पुढे जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवा. याच्या उत्तरात नेमके काय परत येईल? ते उत्तर रिकामे आले तर पुढचा बाण कोणता? आणि ते आलेच नाही तर कोण किती वेळ थांबेल? लॉगिनमधल्या पाचही परतीच्या बाणांसाठी ही उत्तरे तयार असतील तर कोड लिहायला घ्या. एकाचेही नसेल तर आकृती अजून अपुरी आहे.